मार्गदर्शक तत्त्वे मोठी की मूलभूत हक्क? आरटीईच्या पंचवीस टक्के जागांवरून समजून घ्यायचे प्रश्न

पुण्यात हा विषय दोन जागी निघतो. एक, पेठांमधल्या अभ्यासिकांत, जिथे एमपीएससीची आणि कायद्याची मुले "तत्त्वे विरुद्ध हक्क" या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात बसवू पाहतात. दुसरी जागा म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, सोडतीची वाट पाहणारे पालक आणि त्या जागा द्याव्या लागणाऱ्या शाळा. दोघांचा प्रश्न एकच आहे, फक्त पालकांना ते माहीत नसते. म्हणून इथे खटल्यांची लांबलचक यादी देण्याऐवजी आम्ही शिक्षणाचा एकच धागा शेवटपर्यंत धरला आहे.

आधी एक खुलासा, कारण यात भल्याभल्यांची गफलत होते. न्यायालयात आणि बोलण्यात ज्याला २१ए, ३१सी, १९(१)(जी) म्हणतात, तेच संविधानाच्या मराठी आवृत्तीत २१क, ३१ग, १९(१)(छ) असे छापलेले असते. ३१सी आणि ३१क ही एकच तरतूद समजून लिहिलेली उत्तरे दर वर्षी दिसतात. मराठी ३१क म्हणजे इंग्रजी ३१ए, ती वेगळी तरतूद आहे. या पानावर आम्ही बोलण्यातली अक्षरे वापरली आहेत.

मुळात भांडण कशावरून आहे?

दोन वाक्यांवरून. अनुच्छेद १३(२) राज्याला बजावतो की मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा आकसून टाकणारा कायदा करू नका, केलात तर तेवढ्यापुरता तो रद्द. अनुच्छेद ३७ सांगतो की संविधानाच्या चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वे कोणत्याही न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत. आता सरकारने एखादे तत्त्व राबवायला कायदा केला आणि तो कुणाच्या हक्कावर आला, तर काय करायचे?

बहुतेक जण अनुच्छेद ३७ चा पहिला तुकडा पाठ करतात आणि थांबतात. पुढे आणखी दोन तुकडे आहेत. ही तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत, आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. कर्तव्य आहे, पण ते पाळले नाही म्हणून कोर्टात खेचता येत नाही, अशी ही अवघड रचना आहे. पुढचा सगळा इतिहास या तीन तुकड्यांपैकी कोणत्या तुकड्यावर न्यायालयाने जोर दिला, त्याचा आहे.

सगळे जण १९५१ च्या चंपकम दोराईराजन खटल्यापासूनच का सुरुवात करतात?

कारण तिथे पहिल्या तुकड्यावर पूर्ण जोर पडला. मद्रास सरकारच्या आदेशानुसार वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या जागा चौदा-चौदाच्या गटात वाटल्या जात: ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना मिळून १ आणि मुस्लिमांना १. सरकारने बचावासाठी अनुच्छेद ४६ पुढे केला: दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपा. न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ ला आदेश रद्द केला, कारण अनुच्छेद २९(२) प्रमाणे केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून सरकारी वा अनुदानित संस्थेत प्रवेश नाकारता येत नाही. तत्त्वांनी हक्कांशी जुळवून घेतले पाहिजे आणि त्यांच्या हाताखाली राहिले पाहिजे, असे न्या. एस. आर. दास यांच्या निकालपत्राचे सांगणे होते.

त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारा अनुच्छेद १५(४) आला. म्हणजे संसदेने न्यायालयाशी वाद घातला नाही, हक्काच्या प्रकरणातच अपवाद लिहून टाकला. ही खोड लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा दोनदा दिसणार आहे.

मग न्यायालयाचे मत कधी पालटले?

"पालटले" म्हणणे जरा जास्त होईल, आणि ते एका दिवसात तर झालेच नाही. चंपकमनंतर जेमतेम दीड महिन्याने मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याचा बलसारा खटला निकाली निघाला. तिथे न्यायालयाने बंदी वाजवी आहे की नाही हे ठरवताना दारूबंदीचे तत्त्व सांगणारा अनुच्छेद ४७ विचारात घेतला आणि कायद्याचा मोठा भाग राखला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने मात्र बंदीतून बाहेर काढली. तत्त्वाने हक्काला हरवले नाही. हक्कावरचे बंधन वाजवी आहे का, या प्रश्नात ते पुरावा म्हणून उभे राहिले. ही वापरण्याची रीत आजही सर्वात जास्त चालते.

केरळ शिक्षण विधेयकाचे प्रकरण एवढे महत्त्वाचे का मानतात?

कारण "सुसंवादी अर्थान्वय", वकिलांच्या भाषेत हार्मोनियस कन्स्ट्रक्शन, ही कल्पना हक्क आणि तत्त्वे यांच्या संदर्भात तिथे स्पष्ट शब्दांत आली. तीही चंपकमचे निकालपत्र लिहिणाऱ्या दास यांच्याच लेखणीतून. तोवर ते सरन्यायाधीश झाले होते.

प्रकरण असे. १९५७ मध्ये केरळ विधानसभेने शिक्षण विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींनी त्यावर संमती देण्याआधी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागवला. विधेयकाचा खंड २० सांगत होता की प्राथमिक वर्गांत कोणत्याही शाळेने, सरकारी असो की खासगी, फी घ्यायची नाही. सरकारचा आधार अनुच्छेद ४५ होता, म्हणजे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न. समोर अल्पसंख्याक संस्था होत्या आणि त्यांच्या हातात अनुच्छेद ३०(१): आपल्या पसंतीच्या शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क.

२२ मे १९५८ च्या मतात न्यायालयाने चंपकमचे सूत्र मोडले नाही. तत्त्वांनी हक्कांवर कुरघोडी करायची नाही हे कायम ठेवले. पण त्याला जोड दिली: हक्कांची व्याप्ती ठरवताना न्यायालयाने तत्त्वांकडे साफ दुर्लक्ष करायचे नाही, दोन्हींना शक्य तितका परिणाम मिळेल असा अर्थ लावायचा.

मग हे खंड २० ला लावून पाहिले. फी बंद केली तर अल्पसंख्याक शाळेची मिळकत जाते, आणि ती भरून देण्याची तरतूद विधेयकात नाही. शाळाच चालणार नाही, तर चालवण्याचा हक्क कागदावर उरेल. उलट बाजूने पाहिले तर अनुच्छेद ४५ चे काम राज्य आपल्या आणि अनुदानित शाळांमधून पार पाडू शकते, ते अल्पसंख्याकांच्या खर्चाने पार पाडा असे त्या अनुच्छेदात कुठे म्हटलेले नाही. म्हणून खंड २० अल्पसंख्याक शाळांपुरता टिकला नाही.

आमच्या मते या मताचा खरा गाभा "खर्च कोणाचा" या प्रश्नात आहे. पाठ्यपुस्तके तत्त्ववाक्य उचलतात आणि हा हिशेब सोडून देतात. त्यामुळे आरटीई कायद्यात पैसे परत देण्याची तरतूद का आली, हे विद्यार्थ्यांना कळत नाही.

सुसंवादी अर्थान्वय म्हणजे दोघांना अर्धे-अर्धे देणे का?

नाही. न्यायालय मध्यस्थासारखे फरक वाटून देत नाही. ढोबळ क्रम असा असतो. आधी पाहायचे की कायदा खरोखर हक्काला हात घालतो का. घालत नसेल तर प्रश्न संपला. घालत असेल, तर कायद्याच्या शब्दांचे असे वाचन शक्य आहे का ज्यात दोन्ही उभे राहतील? असेल तर तेच वाचन घ्यायचे. नसेल, तर हक्कावर घातलेले बंधन त्या हक्काच्याच अनुच्छेदात परवानगी असलेले आहे का, उदाहरणार्थ १९(६) खाली वाजवी आहे का, हे तपासायचे. या पायरीवर तत्त्व कामाला येते, कारण संविधानानेच जे ध्येय लिहून ठेवले त्यासाठीचे बंधन जनहिताचे नाही असे म्हणणे जड जाते. एवढे करूनही मेळ बसला नाही तर हक्क राहतो आणि कायदा, किंवा त्याचा तेवढा भाग, जातो.

चूक होते ती शेवटच्या पायरीला. "आता दोन्ही समान आहेत" असे लिहून मुले मोकळी होतात. समान असतील तर मेळ न बसल्यास कोण पडणार, हे सांगता आले पाहिजे.

अनुच्छेद ४५ तत्त्वाचा हक्क कसा झाला?

चौथ्या भागात मुदत घालून दिलेला हा एकच अनुच्छेद होता. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली, आणि पुढची तीन दशके काही झाले नाही. ४ फेब्रुवारी १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क अनुच्छेद ४१, ४५ आणि ४६ च्या उजेडात वाचला आणि सांगितले की चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहतो.

इथे पद्धत बदललेली दिसेल. १९५८ मध्ये तत्त्व आणि हक्क समोरासमोर होते. १९९३ मध्ये तत्त्व हक्काच्या पोटात शिरले आणि त्याचा आशय ठरवू लागले. संसदेने २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१ए घातला: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. अनुच्छेद ४५ आता सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनापुरता आणि शिक्षणापुरता उरला आहे. २१ए आणि आरटीई कायदा हे दोन्ही १ एप्रिल २०१० ला लागू झाले.

पण खासगी शाळेच्या हक्काचे काय? त्यांच्या पंचवीस टक्के जागा सरकारने कशा घ्याव्यात?

हा आक्षेप पोकळ नाही. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षणसंस्था चालवणे हा १९(१)(जी) खालचा, म्हणजे व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कात बसणारा, व्यवसाय मानला. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे नाव पुणेकरांना नवे नाही, या खटल्यात न्यायालय म्हणाले की विनाअनुदानित संस्थांवर सरकार आपले आरक्षण लादू शकत नाही. संसदेने पुन्हा तीच जुनी खोड दाखवली: ९३ वी घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५(५) घातला आणि विनाअनुदानित संस्थांतल्या प्रवेशांसाठीही विशेष तरतुदीची वाट उघडली, अल्पसंख्याक संस्था वगळून.

आरटीई कायद्याचे कलम १२(१)(सी) सांगते की विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गाच्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. कलम १२(२) सांगते की सरकार त्याचे पैसे परत देईल. रक्कम म्हणजे सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतले जे कमी असेल ते.

आकडे कल्पित घेऊन हिशेब करू. कोथरूडमधल्या एका शाळेत पहिलीला ४० जागा आहेत, म्हणजे आरटीईच्या १०. फी वर्षाला ४५,००० आणि सरकारने ठरवलेला खर्च १८,००० धरला, तर शाळेला प्रत्येक मुलामागे २७,००० कमी पडतात, एका वर्गात २,७०,०००. शाळेचा १९(१)(जी) दुखतो तो या जागी. शिवाय पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर दुखणे वाढते.

१२ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी हे बंधन वाजवी ठरवले. बहुमताच्या लेखी कायद्याच्या केंद्रस्थानी मूल आहे, संस्था नाही. न्या. के. एस. राधाकृष्णन यांनी वेगळे मत दिले: २१ए चे कर्तव्य राज्याचे आहे, ते विनाअनुदानित शाळेच्या खांद्यावर सक्तीने देता येणार नाही. हे अल्पमत वाचा असे आम्ही आवर्जून सांगतो. १९५८ चा "कोणाच्या खर्चाने" हा प्रश्न त्यात पुन्हा ऐकू येतो. फरक एवढाच की केरळच्या विधेयकात भरपाई अजिबात नव्हती, इथे अपुरी का होईना पण आहे. ६ मे २०१४ ला प्रमती खटल्यात पाच न्यायाधीशांनी १५(५) आणि २१ए दोन्ही वैध ठरवले.

महाराष्ट्रातला एक किलोमीटरचा नियम का रद्द झाला?

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने प्रवेशाच्या नियमात दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती शाळा २५ टक्के प्रवेशांसाठी धरायची नाही. आपल्या कोथरूडच्या शाळेपासून ७०० मीटरवर महापालिकेची शाळा असेल, तर तिच्या १० जागा थेट शून्य. पुण्यासारख्या दाट शहरात अशा शाळा किती निघतील याचा अंदाज नकाशावर नजर टाकली तरी येतो.

६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलैला दुरुस्ती रद्द केली. कारणे दोन पातळ्यांवरची आहेत, ती वेगळी ठेवा. पहिली पातळी कायद्याची. कलम १२(१)(सी) मध्ये "जवळ सरकारी शाळा नसेल तर" अशी अट नाही. जवळपास शाळा उभारण्याचे सरकारचे कर्तव्य कलम ६ मध्ये वेगळे सांगितले आहे, आणि ते पाळले म्हणून १२(१)(सी) मधून सुटका होत नाही. नियम हे कायद्याचे अपत्य. संसदेने न घातलेली अट नियमातून घालता येत नाही. दुसरी पातळी संविधानाची: हा नियम २१ए ला छेद देतो. मधल्या काळात शाळांनी भरलेल्या जागांवरच्या मुलांना हलवायचे नाही, पण २५ टक्के जागा भरल्याच पाहिजेत, अशी वाटही न्यायालयाने काढून दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

या खटल्याची गंमत अशी की पात्रांची अदलाबदल झाली. चंपकममध्ये सरकार तत्त्व घेऊन आले होते आणि नागरिक हक्क. इथे नागरिकांच्या हातात तत्त्वातून जन्मलेला हक्क होता आणि सरकारच तो आकसत होते. मात्र असा नियम कुठेही टिकत नाही, असे समजू नका. कर्नाटकाने त्याच धर्तीची दुरुस्ती केली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती वैध ठरवली.

यात अनुच्छेद ३१सी आणि मिनर्व्हा मिल्स कुठे बसतात?

शिक्षणाच्या धाग्यात थेट कुठेच नाही, म्हणून थोडक्यात. ३१सी हा १९७१ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने आलेला अपवाद आहे. ३९(बी) व (सी), म्हणजे साधनसंपत्तीचे वाटप आणि संपत्तीचे केंद्रीकरण, यांसाठीच्या कायद्यांना तो अनुच्छेद १४ आणि १९ पासून संरक्षण देतो. केशवानंद भारती निकालाने १९७३ मध्ये हा भाग राखला, पण कायद्यातल्या घोषणेमुळे न्यायालयीन तपासणी बंद करणारा भाग काढला. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने संरक्षण सगळ्याच तत्त्वांना दिले, आणि मिनर्व्हा मिल्सने १९८० मध्ये तो विस्तार रद्द केला. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. हक्कांचा तिसरा आणि तत्त्वांचा चौथा भाग यांचा समतोल हाच संविधानाचा पाया आहे, एकाला निरपवाद वरचढ केले तर तो समतोल ढळतो, असे त्यांचे म्हणणे होते. मूळचा मर्यादित ३१सी अजून जिवंत आहे, हे ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्राच्याच म्हाडा कायद्यावरच्या खटल्यात स्पष्ट केले.

तत्त्व पाळले नाही म्हणून पालक थेट न्यायालयात जाऊ शकतात का?

नुसत्या तत्त्वाच्या बळावर नाही. याचिकेत अनुच्छेद ४५ किंवा ४६ चा उल्लेख आधाराला ठेवावा, पण मागणी २१ए आणि कलम १२(१)(सी) वर उभी करावी. पाच वर्षांच्या मुलासाठी बालवाडी मागायची असेल तर पाय घसरतो, कारण ते वय २१ए च्या बाहेर, उरलेल्या अनुच्छेद ४५ मध्ये आहे. तिथेही एक दार आहे: शाळा स्वतः पूर्वप्राथमिक प्रवेश देत असेल, तर १२(१) चे परंतुक २५ टक्क्यांची अट त्या वर्गालाही लावते.

अल्पसंख्याक शाळांना २५ टक्के लागू आहेत का?

२०१२ च्या निकालाने फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा बाहेर ठेवल्या होत्या. प्रमतीने अनुदानितही बाहेर काढल्या, म्हणजे अनुच्छेद ३०(१) पुढे आरटीई कायदा पूर्णच थांबला. पूर्ण थांबणे म्हणजे सुसंवाद का, ही शंका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात उपस्थित केली, आणि प्रमतीचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा का हे ठरवण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. दोन न्यायाधीशांचे पीठ पाच जणांचा निकाल बदलू शकत नाही. त्यामुळे मोठे पीठ वेगळे ठरवत नाही तोवर प्रमती लागू आहे, आणि तुमच्या यादीतल्या शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र असेल तर तिथे आरटीईची जागा मिळणार नाही.